आनंद लपवलेला उखाणा

शुभाताई,

तुझ्या बाराव्याला चाळीतल्या बायका आल्या होत्या. थोडा वेळ तुझ्या आजारपणाचं बोलणं झालं, मग त्या हळूहळू उखाण्यांवर आल्या. कुणाच्या मुलीला तू कुठला करून दिला होतास, कुणाच्या सुनेने तो ऐन वेळी विसरून दुसरंच काहीतरी म्हटलं, असं सुरू झालं. कोपऱ्यातल्या घरातल्या वहिनींनी त्यांच्या निशाचा उखाणा सगळा म्हणून दाखवला. तिच्या नवऱ्याचं नाव निनाद. आठवतं ना?

रोज मी घालीन वाद, रोजच देईन दाद;
लालबागच्या गोंगाटी ऐकेन फक्त निनाद.

म्हणून झाल्यावर त्या हसल्या आणि तुझ्या फोटोकडे बघून एकदम रडायला लागल्या. मग सगळ्याच रडल्या. मला मात्र तेव्हा रडू आलं नाही. तुझं लहानपण कसं गेलं, टेलिफोन खात्यात तू किती वर्षं काढलीस, हे सगळं तिथे बोलून झालं होतं. मला बोलायचं होतं ते वेगळंच, आणि ते तुझ्याशीच बोलायचं होतं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

तुझी माझी ओळख उखाण्यानेच झाली. गिरगावात आमच्या घरी तुम्ही मला बघायला आलात तेव्हा आनंद फार बोलला नाही, तुमच्या आई चहाच्या कपाकडे बघत बसल्या होत्या, आणि तू माझ्या खोलीत येऊन मला विचारलंस, "तुला उखाणा येतो का गं?" मी म्हटलं, पाठ करीन एखादा. तू तोंड वाकडं केलंस. मला वाटलं, गेलं हे स्थळ. पण लग्नाच्या दहाएक दिवस आधी तू एकटीच पुन्हा आलीस. माझ्या आईला वाटलं मानपानाचं काहीतरी निघालं असणार. तू दार लोटून घेतलंस आणि म्हणालीस की गृहप्रवेशाला दार मीच अडवणार आहे, तेव्हा माझ्याविरुद्धचा उखाणाही मीच करून आणलाय.

मला तेव्हा त्यातलं काहीच कळत नव्हतं. चांदीच्या वाटीत काहीतरी ठेवायचं आणि अमुकरावांचं नाव घ्यायचं, एवढंच माहीत होतं. तू त्याला भाड्याची ओळ म्हणायचीस. वाटीचा त्या माणसाशी काही संबंध नाही, नवऱ्याचं नाव बदललं तरी वाटी तीच, मग तो उखाणा त्या बाईचा कसा? पहिली ओळ दुसरीला लागलीच पाहिजे, आणि नाव असं बसलं पाहिजे की काढून दुसरं घातलं तर सगळं कोसळेल. 'राव' तुला चालायचे नाहीत. राव म्हणजे अक्षरं कमी पडली की लावलेला टेकू, असं तुझं म्हणणं. आणि नाव असं घ्यायचं की ते आधी साधा शब्द म्हणून कानावर जाईल आणि मग लोकांच्या लक्षात येईल की अरे, घेतलं की हिने नाव. लपवलं नाही तर उखाणा कशाला, सरळ हाक मार, म्हणायचीस.

त्या दिवशी तू मला माझा उखाणा म्हणून दाखवलास.

माप ओलांडू कसं मी, दारात उभी नणंद?
तिला मी काय द्यायचं, तिनेच दिला आनंद.

मी पहिल्यांदा नुसती हसले. मग तू माझा हात हातात घेतलास आणि माझाच अंगठा माझ्या चार बोटांवरून फिरवत अक्षरं मोजायला लावलीस. चार बोटं दोनदा झाली की आठ, तिथे श्वास. पुन्हा आठ, तिथे यमक. जोडाक्षर एकच धरायचं. मी तुझ्याशी पहिला वाद तिथेच घातला. म्हटलं, बोलताना आपण 'माप' एका झटक्यात म्हणतो, तुम्ही दोन कशी मोजता? तू मला ती ओळ जात्यावरच्या ओवीसारखी लांबवून म्हणून दाखवलीस. माऽ-प. शेवटच्या अक्षरालाही त्याची जागा मिळाली. मग पुन्हा नेहमीच्या बोलण्यात म्हटलीस, आणि ती तशीही बसली. दोन्ही चालींत बसली तरच ओळ पक्की, असं तू सांगितलंस. त्यानंतर मी तुला 'अहो-जाहो' केलं नाही. तू कधी सांगितलं नव्हतंस, पण ते आपोआप गेलं.

लग्नाच्या दिवशी तू दोन्ही हात चौकटीला लावून अशी उभी राहिलीस की तुला काही म्हणजे काही माहीत नाही. मी उखाणा घेतला. बायका आधी 'नणंद' ऐकून हसल्या, कारण तू समोरच होतीस. मग क्षणभर थांबून 'आनंद' त्यांच्या लक्षात आलं आणि पुन्हा हसल्या. आनंद माझ्या शेजारी कानापर्यंत लाल झाला होता. तू मोठ्या थाटात बाजूला झालीस आणि मी आत आले. पुढे कितीतरी वर्षं लालबागच्या त्या चाळीत मला 'नणंद-आनंदवाली' म्हणायचे.

पुढचं मी थोडक्यात लिहिते, कारण ते तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. रेवा तीन वर्षांची असताना आनंद एका सकाळी कामावर गेला आणि दुपारी ऑफिसातून फोन आला. हृदय बंद पडलं होतं. तुझा धाकटा भाऊ, आईंचा एकुलता मुलगा. त्यानंतर त्या दोन खोल्यांत आपण चौघी राहिलो. आई जवळजवळ बोलेनाशा झाल्या. तू ड्यूटीवरून आलीस की रेवाला घेऊन गॅलरीत बसायचीस आणि तिला यमकं शिकवायचीस. भात, हात, मांजर जात. आतून मी ते ऐकत असायचे. चाळीत लग्नं होत राहिली, मुली तुझ्याकडे येत राहिल्या, तू त्यांना गॅलरीच्या टोकाला नेऊन बोलायचीस, माझ्या कानावर पडू नये म्हणून. ते मला कळत होतं.

हेमंतचं नाव घरात आणलंस तूच. तुझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा भाऊ, माझगावला गोदीत ड्राफ्ट्समन, लग्न राहून गेलेला. तू मला सरळ सांगितलंस की भेटून ये, नाही पटला तर विषय संपला. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आम्ही भेटलो. रेवाही होती. त्याने तिच्याशी उगाच लाडाने बोलायचा प्रयत्न केला नाही, हे मला आवडलं. घरी येऊन मी तुला तेवढंच सांगितलं. आईंना तू कसं सांगितलंस ते मला अजून माहीत नाही. त्या दिवशी तुम्ही दोघी बराच वेळ आतल्या खोलीत होतात आणि बाहेर आल्यावर आईंनी मला फक्त विचारलं, रेवाची शाळा तीच राहील ना.

मग मी तुझ्याकडे उखाणा मागितला.

मला अजून नीट सांगता येणार नाही की तो मला का हवा होता. दुसऱ्या लग्नात कोणी नाव घ्यायला लावत नाही. लोक लवकर जेवतात आणि जातात. मला तसं चोरटं जायचं नव्हतं. एकदा मी सगळ्यांसमोर मोठ्याने बोलून घरात शिरले होते, पुन्हा शिरायचं तर तसंच, एवढं मनात होतं. तू भाजी निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "मला नाही जमायचं. दुसऱ्या कुणाला सांग." आणि उठून गेलीस. मी खूप दुखावले. रागही आला. नंतर वाटलं, कुठल्या तोंडाने मागितलं मी हे? बहिणीने भावाच्या जागी दुसऱ्याचं नाव बसवून द्यायचं! मी पुन्हा विषय काढला नाही.

आठवड्याभराने मी कपडे वाळत घालत होते तेव्हा तू मागे येऊन उभी राहिलीस. म्हणालीस, हेमंत हे नाव बरं आहे, यमकं आहेत. वसंत नको, सगळे तेच करतील. पसंत, जिवंत, उसंत. मग तू म्हणालीस:

आनंद घेऊन आले, उरली न मनी खंत;
दोन्हींना आत घेणारे दारात उभे हेमंत.

मी हातातला टॉवेल तसाच धरून होते. पहिला शब्द माझ्या लक्षातच आला नाही. माझं लक्ष गेलं 'उरली न मनी खंत' वर. मी म्हटलं, ताई, हे खोटं आहे. तू लगेच चिडलीस. लग्नात कोणी खंत आहे म्हणून सांगतं का? मी म्हटलं, तूच शिकवलंस, उखाणा म्हणताना तो खरा असला पाहिजे. त्या दिवशी दारात नणंद खरीच उभी होती म्हणून तो जमला. शिवाय खंत उरलीच नाही, तर 'दोन्हींना' आत घेणारे, ते कुठले दोन्ही? चूक सापडली की तुला आधी राग यायचा आणि मग मजा वाटायची. अंगठा बोटांवरून फिरायला लागला. दोरीवरचे कपडे बाजूला सारत तू गॅलरीत एक चक्कर मारून आलीस आणि म्हणालीस:

आनंद घेऊन आले, सोबत थोडीशी खंत;
दोन्हींना आत घेणारे दारात उभे हेमंत.

मी ते स्वतःशी पुटपुटत म्हणून बघितलं, बोटांवर, तू शिकवलं होतंस तसं. आणि मोजता मोजता पहिली तीन अक्षरं ऐकू आली. आ-नं-द.

मी तुझ्याकडे बघितलं. तू दोरीवरच्या रेवाच्या फ्रॉकला चिमटा लावत होतीस.

म्हटलं, अगं, हे हेमंतला कळलं तर? त्याच्या घरी, त्याच्या नातेवाइकांसमोर मी पहिल्याचं नाव घेऊन आत शिरू? तू म्हणालीस, "लग्नाच्या प्रत्येक उखाण्यात आनंद असतो. कुणाला ऐकू येणार आहे?" मी म्हटलं, मला येईल. तू म्हणालीस, "तुला यावा म्हणूनच घातलाय." मग जरा वेळाने, बाकीचं माझ्यावर सोड, एवढंच.

ते बाकीचं म्हणजे काय हे मला लग्नानंतर कळलं. रजिस्टर लग्न सकाळीच झालं. तिथून आपण माझगावला हेमंतच्या घरी आलो. आई आल्या होत्या, ते मला अपेक्षित नव्हतं. तू त्यांचा हात धरून जिना चढवत होतीस. हेमंतच्या मावशी होत्या, दोन-चार शेजारी होते. दारात माप ठेवलं होतं. हेमंतला बहीण एकच, तुझी मैत्रीण, तिला दार अडवायचं काही सुचेना. मावशी म्हणाल्या, आता नाव वगैरे राहू दे, उगाच तिला अवघड होईल. त्या चांगल्या मनाने म्हणाल्या होत्या. तू म्हणालीस, तिला घ्यायचंय. आणि हेमंतकडे नुसतं बघितलंस. तो माझ्या शेजारून निघाला, माप न हलवता बाजूने आत गेला, वळला आणि चौकटीत माझ्याकडे तोंड करून उभा राहिला.

तेव्हा मला कळलं की त्याला ओळ माहीत आहे. 'दारात उभे हेमंत' खरं व्हायचं तर त्याला दारात उभं राहावंच लागणार होतं, आणि त्यासाठी तू त्याला सगळा उखाणा म्हणून दाखवला असणार. पहिल्या शब्दासकट.

मी उखाणा घेतला. आधी कोणी हसलं नाही. मावशी हळूच म्हणाल्या, खंत कसली गं बाई लग्नात. मग 'हेमंत' आलं तसे शेजारी हसले, टाळ्या वाजल्या. हेमंत बाजूला झाला नाही. तो एक पाऊल पुढे आला, त्याने रेवाला आधी आत घेतलं आणि मग माझ्यासाठी हात पुढे केला.

आत आल्यावर मी सगळ्यांच्या पाया पडले. आईंपाशी वाकले तेव्हा त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं. आनंद गेल्यापासून त्यांनी मला असा हात लावला नव्हता. माझ्या कानाशी त्या म्हणाल्या, "झिलाक वांगडा घेवन इलंस, बरा केलंस." मुलाला सोबत घेऊन आलीस, बरं केलंस. शेजारणीने विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, आशीर्वाद दिला. तू खिडकीपाशी पाठ करून उभी होतीस. मला माहीत आहे, तू ते ऐकलंस.

त्या संध्याकाळी मी हेमंतला विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? तो म्हणाला की तू त्याला गोदीच्या गेटपाशी भेटलीस, तिथेच उभ्या उभ्या उखाणा म्हटलास, आनंद कोण तेही सांगितलंस, आणि म्हणालीस की तुम्हाला खटकत असेल तर आत्ता सांगा, मी बदलून देईन, तिला कळणारही नाही. मी विचारलं, मग तू काय म्हणालास? तो म्हणाला, "मी विचारलं, म्हणजे मी आधी आत जाऊन उभं राहायचं ना?"

ताई, तुझं तोवरचं सगळ्यात अवघड काम तू तिथे रस्त्यावर उभं राहून तपासून घेतलंस, आणि मला वाटत होतं, तू ते माझ्यासाठी केलंस. आता वाटतं, ते तू तुझ्या भावासाठीही केलंस. त्याला मागे एकटं राहू द्यायचं नव्हतं तुला. मी हे तुला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, अक्षरं बसली म्हणून घातला.

पुढची वर्षं आपण पुष्कळ भेटलो. रविवारी तू माझगावला यायचीस, नाहीतर आम्ही तिघं लालबागला. आई गेल्या तेव्हा हेमंतने खांदा दिला. तू एकटी राहिलीस, आमच्याकडे ये म्हटलं तर ऐकलं नाहीस, चाळीतल्या मुली कुठे शोधतील मला, म्हणालीस. आणि आपला वाद चालू राहिला. तुला तो 'थोडीशी' शब्द पुढे पुढे डाचायला लागला होता. दर काही महिन्यांनी फोन करून सांगायचीस की तिथे भर घातली आहे. खंत काय थोडीशी होती का? तीन अक्षरं भरायला मी थोडीशी म्हटलं, दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याला मी टेकूच म्हटलं असतं. 'केवढीतरी' बसतं का बघ. मी म्हणायचे, ते पाच होतात, बसत नाही. मग तू 'पुष्कळ' म्हणायचीस, मी म्हणायचे, तेवढीच अक्षरं, पण आंबट लागतं. 'अशी' घालून 'सोबत अशी ही खंत' केलंस, त्यात तुझं तुलाच 'ही' आवडलं नाही. हेमंत बाजूला बसून हसत असायचा.

या आजारपणातही तू तेच काढलंस. औषधांनी तुझा आवाज जड झाला होता. मी तुझे पाय चेपत होते. तू म्हणालीस, "मेघा, ती ओळ अपुरी राहिली गं." मी म्हटलं, नाही राहिली. दारात उभं राहून माणूस सगळी खंत नाही सांगत, थोडीशीच सांगतो, म्हणून तोच शब्द बरोबर आहे. तू डोळे मिटून ऐकत होतीस. तुला पटलं की नाही ते कळलं नाही. तुझा अंगठा चादरीवर बोटांवरून फिरत होता, म्हणजे बहुधा नव्हतं पटलं.

आता जे सांगायचं राहिलं ते सांगते. तू गेलीस त्याच्या आदल्या दिवसाची दुपार. तुला झोप लागली होती. वॉर्डात नवीन नर्स आली, केरळची असावी, पण मराठी छान बोलत होती. तिने हेमंतला आणि मला विचारलं, पेशंटचे तुम्ही कोण? मी गडबडले. काय सांगायचं होतं मी? पहिल्या नवऱ्याची बहीण, असं तुझ्या उशाशी उभं राहून माझ्या तोंडून निघेना. मी म्हटलं, ही माझी नणंद.

नर्सने हेमंतकडे बघितलं. "म्हणजे तुमची बहीण?"

हेमंत तुझी सरकलेली चादर नीट करत होता. तो म्हणाला, "हो. मोठी."

तू उठलीस की सांगायचं असं मी ठरवलं होतं.